‘माल परत आला’ची कॅप्शन, वेटलिस्ट आणि खरा आकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संपलेली वस्तू ऑनलाइन दुकानात परत येते तेव्हा इन्स्टाग्रामच्या पोस्टची कॅप्शन लिहायला दहा मिनिटं लागतात. तिच्यातला आकडा, तारीख आणि यादीबद्दलचं वाक्य चुकलं, तर त्यातून येणाऱ्या तक्रारी निस्तरायला आठवडा जातो. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. कॅनव्हासची पाठीवरची बॅग, निळा आणि खाकी असे दोन रंग, आणि नवी खेप.

कॅप्शन लिहायला कधी बसावं?

खोकी उघडून, नग तपासून, विक्रीला किती उरले ते वहीत उतरल्यावर. त्याआधी नाही. खेप वाटेत असतानाच ‘१५० नग येतायत’ असं लिहून टाकणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. पुरवठादाराच्या बिलावरचा आकडा आणि विकता येण्याजोगा आकडा कधीच सारखे नसतात.

आपल्या उदाहरणात मागवले १५० नग, आले १४४. तपासणीत ९ बाद झाले. त्यातल्या सातांची चेन मध्येच अडकत होती आणि दोघांच्या पट्ट्याची शिवण उसवलेली होती. राहिले १३५. मागच्या खेपेतले ११ ग्राहक पैसे भरून किंवा बदली नगासाठी थांबलेले आहेत, त्यांचे नग बाजूला काढल्यावर १२४. आणखी ४ नग राखून ठेवायचे, कारण १४४ मध्ये ९ खराब निघाले तर वापरात एखाददुसरा आणखी निघणारच. तेव्हा बदली देण्यासाठी याच खेपेचा नग हवा. पुढच्या खेपेत कापडाचा रंग थोडा वेगळा येऊ शकतो.

म्हणजे विक्रीला १२०. त्यात निळे ७८ आणि खाकी ४२. कॅप्शन या दोन आकड्यांवर उभी राहते. १५० वर नाही, आणि एकत्रित १२० वरही नाही. ते का, हे पुढच्या उत्तरात.

एकूण आकडा दिला तर काय बिघडतं?

वेटलिस्ट बघा. निळ्यासाठी ६१ जण आहेत आणि नग ७८. खाकीसाठी ९७ नोंदी होत्या. एकाच माणसाने दोनदा भरलेल्या काढून टाकल्यावर ८८ जण उरले, आणि नग फक्त ४२. ‘१२० नग आले’ वाचून खाकीवाला निश्चिंत होतो आणि संध्याकाळी येतो. त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे: आकडा खरा होता, पण त्याच्या कामाचा नव्हता.

म्हणून रंग, साइज, मापं जे काही वेगळं निवडावं लागतं, त्या प्रत्येकाचा आकडा वेगळा द्या. साइज आठ-दहा असतील तर सगळे आकडे कॅप्शनमध्ये कोंबू नका. जे थोडे आहेत तेवढेच नाव घेऊन सांगा: ‘सर्वांत लहान साइजचे ५च नग आहेत, बाकी साइज प्रत्येकी वीसच्या वर.’

वेटलिस्टच्या फॉर्ममध्ये काय विचारायचं?

तीन गोष्टी पुरतात. कोणती वस्तू कोणत्या रंगात किंवा साइजमध्ये हवी, कळवायचं कुठे, आणि फक्त या वस्तूबद्दल कळवायला परवानगी. ‘इतर ऑफर्सही पाठवा’ ही खूण वेगळी ठेवा आणि ती आधीच टिक केलेली नको. बॅगेसाठी नाव दिलेल्या माणसाला तीन महिने बाकीच्या जाहिराती गेल्या, तर बॅग येईपर्यंत त्याने तुमचा मेल स्पॅममध्ये टाकलेला असतो. मग खरा निरोपही तिथेच पडतो.

रंग न विचारता नुसता ईमेल घेतलेली यादी जवळजवळ निरुपयोगी असते. ८८ आणि ६१ हे दोन आकडे वेगळे दिसले म्हणूनच वरचा निर्णय घेता आला.

नोंद झाल्या झाल्या पुष्टीचा मेल जायला हवा आणि त्यातल्या लिंकवर क्लिक केल्यावरच नाव पक्कं धरावं. पत्त्यातली एका अक्षराची चूक तेव्हाच पकडली जाते. नाहीतर खेप येते त्या दिवशी मेल परत येतो आणि त्या माणसापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता तुमच्याकडे नसतो.

फोन नंबर घेत असाल तर एक अडचण आधीच माहीत असू द्या. व्हॉट्सॲपची साधी ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांपुरती असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांना काहीच दिसत नाही, त्यांना चूक झाल्याचं कळतही नाही. म्हणून नंबर घेणाऱ्या फॉर्मवरच ‘हा नंबर सेव्ह करा, नाहीतर निरोप पोचणार नाही’ हे वाक्य ठेवा.

यादीत नाव म्हणजे नग राखीव, असं लोक धरून चालतात. कसं टाळायचं?

तीन ठिकाणी तेच वाक्य लिहून: फॉर्मच्या बटणावर किंवा लगेच वर, पुष्टीच्या मेलमध्ये, आणि कॅप्शनमध्ये. वाक्य असं:

> यादीत नाव दिल्यावर माल आल्याचा निरोप इतरांच्या आधी मिळेल. नग राखून ठेवलेला नसतो. पैसे भरल्यावरच तो तुमचा.

‘तुमची जागा पक्की!’ असलं उत्साही वाक्य पुष्टीच्या मेलमध्ये हमखास तयार साच्यातून येतं. ते शोधून काढून टाका. भांडण याच वाक्यावरून होतं, आणि ग्राहक स्क्रीनशॉट जपून ठेवतात.

कार्टचंही तसंच. बहुतेक दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू कार्टमध्ये टाकल्याने शिल्लक कमी होत नाही. शेवटचा एक नग पाच जणांच्या कार्टमध्ये एकाच वेळी दिसू शकतो आणि त्यातला एकच पैसे भरतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांना ‘माझ्या कार्टमधून काढून घेतलं’ असं वाटतं. कॅप्शनमध्ये अर्धी ओळ पुरते.

नग ४२ आणि यादीत ८८. निरोप कुणाला, कसा?

प्रामाणिक मार्ग दोन आहेत.

पहिला: सगळ्या ८८ जणांना एकाच वेळी निरोप, आणि त्यात उघड लिहायचं की ‘४२ नग आहेत, हा निरोप ८८ जणांना गेला आहे, जो आधी पैसे भरेल त्याला.’ काम एका दिवसात संपतं. पण त्या वेळी जो मीटिंगमध्ये किंवा झोपेत असतो त्याचं नुकसान होतं, मग त्याने सहा महिने आधी नाव दिलेलं असलं तरी.

दुसरा: नाव नोंदवल्याच्या क्रमाने टप्पे. खाकीला हाच बरा. पहिल्या ४२ जणांना निरोप, २४ तासांची मुदत, एकाला एकच नग. समजा १९ जणांनी घेतला, २३ नग उरले. पुढच्या २३ जणांना तसाच निरोप. त्यात ९ गेले, उरले १४. शेवटी यादीतल्या उरलेल्या २३ जणांना निरोप, आणि आता मात्र नग माणसांपेक्षा कमी असल्यामुळे ‘१४ नग, २३ जण’ हे लिहायलाच हवं. त्यातून ८ गेले तर शिल्लक ६. तीन दिवस गेले, पण एकालाही ‘लिंक उघडली आणि माल संपलेला’ असा अनुभव आला नाही. शेवटच्या टप्प्यात येऊ शकला असता, तर तेही आधी सांगितलेलं होतं.

यादी काही शेकड्यांच्या वर गेली की टप्पे हाताने सांभाळणं जमत नाही. तेव्हा पहिला मार्ग घ्या, पण आकडे उघड ठेवून.

सगळ्या ८८ जणांना एकदम ‘तुमचा नंबर आला!’ असं पाठवणं हा तिसरा मार्ग सर्रास वापरला जातो. ते सरळ खोटं आहे, कारण ४६ जणांचा नंबर आलेलाच नसतो.

निळ्याच्या ६१ जणांसाठी टप्पे नकोत. नग ७८ आहेत, सगळ्यांना एकत्र निरोप द्या आणि तीन दिवसांची मुदत सांगा. पण इथेही एका ऑर्डरमध्ये किती नग ते बांधून द्या. प्रत्येकाने दोन घेतले तर ७८ नग ३९ जणांतच संपतील.

मग सर्वांसाठीची कॅप्शन कधी टाकायची आणि तिच्यात कोणता आकडा?

यादीची मुदत संपल्यावर, आणि त्या क्षणी उरलेला आकडा. निळ्यातले ३३ यादीवाल्यांनी घेतले असं धरू, तर ४५ उरले. खाकीचे ६.

आता त्या सहाचं काय करायचं? आमचं मत स्पष्ट आहे: सहाचा आकडा पोस्टच्या कॅप्शनमध्ये घालू नये. इन्स्टाग्रामवर पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतेच असं नाही. कुणाला ती दोन दिवसांनी दिसते. सहा नग तोपर्यंत कधीच गेलेले असतात आणि तुमचं खरं वाक्य खोटं ठरतं. हे सहा स्टोरीत टाका. स्टोरी २४ तासांनी आपोआप जाते, तिच्यावर लिंकचं स्टिकर लावता येतं आणि माल संपताच ती काढून टाकता येते. पोस्टमध्ये खाकीबद्दल ‘जवळजवळ संपली, पुढच्या खेपेसाठी यादी’ एवढंच.

पूर्ण कॅप्शन कशी दिसेल?

> निळी कॅनव्हास बॅग परत आली, ४५ नग. खाकी जवळजवळ संपली, तिची यादी सुरू आहे. दोन्ही लिंक बायोमध्ये.
>
> ४५ हा आकडा १४ जून, सकाळी १० वाजताचा. निळ्याचे ७८ नग विक्रीला होते. वेटलिस्टमधल्यांना ११ तारखेलाच लिंक दिली होती, त्यांनी घेतल्यावर हे उरले.
>
> एका ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त २ नग. कार्टमध्ये टाकल्याने नग राखून राहत नाही, पैसे भरल्यावर पक्का.
>
> खाकी हवी असेल तर यादीत नाव द्या. पुढची खेप मागवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. ठरलं की यादीतल्यांना आधी कळेल. यादीत नाव म्हणजे नग राखीव नाही.
>
> आधीच्या बॅगेपेक्षा एक बदल: आतला खिसा आता चेनचा आहे. बाकी माप, कापड तेच.

पहिल्या ओळीत बातमी, आकडा आणि कुठे जायचं हे तिन्ही आहे. फीडमध्ये सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला दाबावं लागतं. ‘तुम्ही वाट पाहत होतात ना?’ अशी सुरुवात ती जागा फुकट घालवते.

इन्स्टाग्रामची मर्यादा २,२०० कॅरेक्टरची आहे, त्यामुळे जागा कमी पडत नाही. फक्त देवनागरीत मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात हे लक्षात ठेवा. ‘वेटलिस्ट’ डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो, मोजणीत आठ भरतात.

कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. तरी अनेक जण पूर्ण वेब पत्ता चिकटवतात आणि वाचणाऱ्याला तो हाताने टाइप करावा लागतो. बायोमध्ये खरेदीची आणि यादीची अशा दोन वेगळ्या लिंक ठेवा आणि त्यांना नीट नावं द्या.

‘आकडा अमुक वेळेचा’ हे लिहिणं जरा जास्तच नाही का?

वाचायला किंचित रुक्ष वाटतं, हे मान्य. पण आकड्याला वेळ जोडली की तो शिळा झाला तरी खोटा होत नाही. ‘आज’, ‘उद्या’, ‘आत्ता’ हे शब्दही याच कारणाने टाळावेत. ‘आज संध्याकाळी ७ वाजता’ ही पोस्ट मंगळवारची, आणि गुरुवारी ती पाहणारा त्या दिवशी ७ वाजता येऊन बसतो. तारीख लिहा. ग्राहक वेगवेगळ्या देशांत असतील तर कोणत्या ठिकाणची वेळ तेही.

आकडा फोटोवरच मोठ्या अक्षरांत टाकला तर?

टाकू नका. पोस्ट झाल्यावर कॅप्शन बदलता येते, फोटो बदलता येत नाही. ‘फक्त ४५!’ असं लिहिलेला फोटो माल संपल्यावरही तसाच फिरत राहतो, कुणी शेअर केला की आणखी लांब जातो. फोटोवर ‘निळी परत आली’ पुरे.

आधीपासून वेळ लावून ठेवलेल्या पोस्टचीही हीच गत. रात्री शेड्यूल केलेला ४५ सकाळी ३८ झालेला असू शकतो. आकडा असलेली पोस्ट हाताने टाका, टाकण्याआधी शिल्लक पाहून.

‘मर्यादित स्टॉक’, ‘शेवटचे काही नग’, ‘पुन्हा मिळणार नाही’ यातलं काय चालतं?

‘मर्यादित स्टॉक’ने काहीच कळत नाही, दहा हजार नगांचा स्टॉकही मर्यादितच. आकडा द्यायचा नसेल तर हे शब्दही नकोत.

‘शेवटचे काही नग’ तेव्हाच, जेव्हा गोदामात खरंच आणखी खोकं नाही. अर्धा माल लपवून अर्धा दाखवायचा आणि तो संपला की ‘लोकाग्रहास्तव’ उरलेला काढायचा, ही चलाखी नियमित ग्राहक दुसऱ्या वेळी ओळखतात.

‘पुन्हा मिळणार नाही’ हे सर्वांत जड वाक्य. कापड बंद झालंय, साचा मोडलाय, करार संपलाय, असं काही ठोस असेल तरच लिहा, आणि कारणासकट लिहा. त्यावर विसंबून कुणी घाईने घेतलेलं असतं. चार महिन्यांनी तीच वस्तू परत आली तर ‘परत आली’ची कॅप्शन लिहिताना तुमचीच जुनी पोस्ट आड येते. खात्री नसेल तर ‘पुढची खेप ठरलेली नाही’ हे वाक्य खरंही आहे आणि पुरेसंही.

नग कमी का आहेत हेही एका ओळीत सांगता येतं. ‘एवढंच कापड मिळालं’ असेल तर ते, आणि ‘आम्हीच एवढे मागवले’ असेल तर तेच. दुसऱ्यात लाजण्यासारखं काही नाही.

खोटी टंचाई दाखवली तर नियमांत बसतं का?

नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन चकवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत खोटी घाई निर्माण करणं आहे, आणि आहे त्यापेक्षा नग कमी असल्याचं सांगणं त्यातच मोडतं. युरोपीय संघाच्या २००५ च्या अनुचित व्यापारी प्रथांच्या निर्देशात, वस्तू अगदी थोडाच वेळ मिळणार आहे असं खोटं सांगून लगेच निर्णय घ्यायला लावणं हे सरसकट निषिद्ध यादीत आहे. पानावर आपोआप फिरणारं ‘आत्ता १७ जण पाहत आहेत’ किंवा रिफ्रेश केल्यावर पुन्हा सुरू होणारं घड्याळ कुठल्या तयार थीमसोबत आलं असेल तर ते बंद करा. ‘थीममध्येच होतं’ या सबबीने ग्राहकाचं समाधान होत नाही.

स्पर्धकांना आमचा साठा कळू द्यायचा नाही. मग?

मग आकडा देऊ नका. तशी सक्ती नाही. ‘पन्नासच्या आत’ असा खरा पट्टा द्या किंवा कमी कशाचं आहे तेवढं सांगा. फक्त खरं सोडून दुसरा आकडा देऊ नका, आणि वेबसाइटवर शिल्लक दिसत असेल तर ती कॅप्शनशी जुळते का ते पाहा.

४५ नग होते आणि ४९ ऑर्डर आल्या. असं कसं होतं?

बहुधा दोनपैकी एक कारण. एक, दुकानाच्या सेटिंगमध्ये शिल्लक शून्य झाल्यावरही विक्री चालू ठेवणारी खूण राहून गेली आहे. शॉपिफायमध्ये ती `Continue selling when out of stock` या नावाने असते आणि प्रत्येक रंग-साइजला वेगळी असते. आधीच्या खेपेच्या प्री-ऑर्डरसाठी चालू केलेली अनेकदा तशीच राहते. ओळखायची खूण अशी की शिल्लक उणे दिसते: -४.

दोन, तोच साठा दोन ठिकाणी विकला जातोय आणि दोन्हीकडची शिल्लक काही मिनिटांच्या अंतराने जुळते. रीस्टॉकच्या पहिल्या तासात ती मिनिटंच महागात पडतात. त्या दिवसापुरता साठा वाटून द्या, समजा ३५ इथे आणि १० तिथे, आणि गर्दी ओसरल्यावर एकत्र करा. मेसेजमध्ये घेतलेल्या ऑर्डर हाही एक वेगळा विक्रीमार्गच आहे, त्या लगेच शिल्लकेतून वजा करा.

झालंच तर शेवटच्या चार जणांना त्याच दिवशी कळवा आणि पैसे परत करा. राखलेल्या चार नगांना हात लावायचा मोह होईल, चारच तर आहेत! पण ते बदलीसाठी आहेत. चेन अडकलेली पहिली बॅग परत येईल तेव्हा तुमच्या हातात काही नसेल.

माल संपल्यावर कॅप्शनचं काय?

पोस्ट काढू नका, पहिली ओळ बदला: ‘निळी संपली (१६ जून). पुढच्या खेपेसाठी यादी बायोमध्ये.’ खालचा मजकूर राहू द्या. बायोमधली खरेदीची लिंक त्याच वेळी काढा, नाहीतर लोक संपलेल्या पानावर जाऊन आपटतात. उत्पादनाच्या पानावर ‘विकत घ्या’च्या जागी यादीचं बटण आलं का, तेही मोबाइलवरून स्वतः उघडून पाहा.

रद्द झालेल्या ऑर्डरमुळे दोनचार नग परत येतात. ते गुपचूप पानावर सोडण्यापेक्षा यादीतल्या पुढच्या नावांना द्या. आणि ज्यांना निरोप गेला पण घेतलं नाही, त्यांना एकच मेल पाठवून विचारा की नाव ठेवायचं की काढायचं. उत्तर आलं नाही तर काढा. पुढच्या वेळी ८८ या आकड्यावर विसंबून किती नग मागवायचे ते ठरवाल, आणि त्यातले चाळीस जण बॅग केव्हाच दुसरीकडून घेऊन बसलेले असतील.